जेवणानंतर रोज उचक्या लागतात: किती काळजी करायची?

प्रश्न: वय ४७. गेले सहा-सात आठवडे रात्रीच्या जेवणानंतर उचक्या लागतात, आठवड्यातून चार-पाच वेळा तरी. कधी वीस मिनिटांत थांबतात, कधी तासभर चालतात. पाणी पिऊन फरक पडत नाही. अधूनमधून छातीत जळजळते, घशाशी आंबट येतं. जेवण उशिरा आणि भराभर होतं, लगेच आडवा होतो, हे मान्य. ब्लडप्रेशरसाठी तीन महिन्यांपासून ॲम्लोडिपिन चालू आहे. इंटरनेटवर वाचलं की हे किडनीचं किंवा मेंदूच्या आजाराचंही लक्षण असतं, तेव्हापासून झोप उडाली आहे. घरच्या घरी काय करू आणि डॉक्टरांकडे कधी जाऊ?

उत्तर:

तुम्ही लिहिलंय त्यावरून किडनी आणि मेंदू हे दोन्ही यादीत बरेच खाली जातात. त्या आजारांमधल्या उचक्या जेवणाची वेळ पाहून येत नाहीत आणि तासाभरात आपोआप थांबतही नाहीत. त्या दिवसभर चालतात, झोपेतही चालू राहतात आणि त्यांच्याबरोबर दुसरं काहीतरी ठळक असतं. तुमचा सगळा रोख जठराकडे आणि अन्ननलिकेच्या खालच्या टोकाकडे आहे. तरीही सहा-सात आठवडे हा काळ दुर्लक्ष करण्याइतका लहान नाही. दोन आठवडे मी सांगतो तसं करून पाहा आणि त्यानंतर एकदा डॉक्टरांना दाखवाच. मधल्या काळात काही विशिष्ट गोष्टी दिसल्या तर दोन आठवडेही थांबायचं नाही. त्या पुढे सांगतो.

आधी एक खात्री करून घ्या. माझ्याकडे 'जेवणानंतर उचक्या' म्हणून येणाऱ्यांपैकी काहींना प्रत्यक्षात ढेकर येत असतात, तेही एकामागून एक, आवाज करत. पोटाच्या वरच्या भागात, बरगड्या जिथे मिळतात त्याच्या खाली तळहात ठेवा. उचकीत तिथे अचानक झटका बसतो, हवा आत ओढली जाते आणि ती मध्येच अडून 'हिक्' असा आवाज येतो. ढेकरात हवा बाहेर जाते. उचकी तुम्हाला ठरवून थांबवता येत नाही. सतत येणारे ढेकर मात्र मन दुसरीकडे गुंतलं किंवा बोलणं सुरू झालं की बऱ्याचदा थांबतात. त्यांचा उपाय वेगळा आहे, त्यामुळे हा फरक महत्त्वाचा. घरच्या कुणाला तरी मोबाइलवर अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ घ्यायला सांगा. दवाखान्यात पोहोचेपर्यंत उचक्या हमखास थांबलेल्या असतात, आणि मग तो व्हिडिओ माझ्यासारख्याला दहा प्रश्नांपेक्षा जास्त सांगून जातो.

आता हे घडतं कसं ते थोडक्यात. छाती आणि पोट यांच्यामध्ये डायफ्राम, म्हणजे श्वासपटल, हा पातळ स्नायू पसरलेला असतो. त्याला हुकूम देणारी फ्रेनिक नर्व्ह मानेतून निघते आणि छातीतून खाली उतरते. दुसरी व्हेगस नर्व्ह मेंदूच्या बुंध्यापासून घसा, अन्ननलिका, जठर अशी लांबवर पसरलेली असते. या दोन्हींच्या वाटेवर कुठेही डिवचलं गेलं की डायफ्राम एकदम आकुंचन पावतो आणि लगेचच, सेकंदाच्या पंचविसाव्या भागाच्या आसपास, स्वरयंत्राची फट बंद होते. ही वाट इतकी लांब आहे की कानाच्या पडद्याला टेकलेल्या एखाद्या केसामुळेही उचक्या लागल्याच्या नोंदी आहेत, कारण व्हेगसची एक बारीक फांदी कानातही जाते. पण रोजच्या व्यवहारात ही वाट सगळ्यात जास्त डिवचली जाते ती दोन ठिकाणी. एक म्हणजे जठर फुगून वर डायफ्रामला रेटतं तेव्हा, आणि दुसरं म्हणजे आम्ल अन्ननलिकेत वर चढतं तेव्हा.

या दोन्हींत फरक कसा करायचा? घड्याळ पाहून. जेवणाशी जोडलेल्या उचक्यांमध्ये मी सगळ्यात आधी विचारतो की पहिली उचकी नेमकी कधी लागली. पहिल्या काही घासांतच लागली, जेवण संपता संपता लागली, की उठून आडवं झाल्यावर लागली? या तीन वेळा मला तीन वेगवेगळ्या जागा दाखवतात.

जेवण संपता संपता किंवा शेवटच्या घासानंतर पाच-दहा मिनिटांत लागणारी उचकी बहुधा ताणलेल्या जठराची. भराभर खाल्लं की अन्नाबरोबर हवाही गिळली जाते, त्यात सोडा किंवा कोल्ड्रिंक असेल तर वायूची भर पडते, आणि जठराला सैल व्हायला वेळच मिळत नाही. जठर हा पिशवीसारखा अवयव आहे खरा, पण ही पिशवी हळूहळू भरली तर सैलावत जाते आणि एकदम कोंबली तर ताणते. या उचक्या निरुपद्रवी असतात. दारूचंही तसंच. ती जठर फुगवते, अन्ननलिकेच्या तोंडाशी असलेली झडप सैल करते आणि मेंदूचा उचकीवरचा लगामही ढिला करते, म्हणून पार्टीनंतरची उचकी इतकी हट्टी असते.

जेवणानंतर अर्ध्या-पाऊण तासाने, वाकल्यावर किंवा आडवं झाल्यावर लागणारी उचकी आम्लाकडे बोट दाखवते. छातीत जळजळ, आंबट पाणी, सकाळी घसा बसलेला, रात्री कोरडा खोकला यातलं काही सोबत असेल तर शंका पक्की होते. तुमचं वर्णन इथेच बसतं, आणि भराभर जेवण्यामुळे पहिल्या प्रकाराचाही त्यात वाटा असावा. आणखी एक गोष्ट तुम्ही सहज लिहून गेलात ती म्हणजे ॲम्लोडिपिन. या गटातली औषधं रक्तवाहिन्यांचे स्नायू सैल करतात. तशीच ती अन्ननलिकेच्या खालच्या झडपेचा स्नायूही काही जणांमध्ये सैल करतात आणि आम्ल वर येणं वाढतं. गोळी तीन महिन्यांपासून आणि उचक्या सहा-सात आठवड्यांपासून, म्हणजे काळ जुळण्यासारखा आहे. पण म्हणून गोळी स्वतः बंद करू नका. ब्लडप्रेशर बेलगाम होण्यापुढे उचक्या किरकोळ आहेत. तुमच्या डॉक्टरांना एवढंच सांगा की गोळी सुरू झाल्यानंतर आंबट येणं वाढलंय. गरज वाटली तर ते दुसऱ्या गटातलं औषध निवडतील.

पहिल्या काही घासांतच लागणारी उचकी मात्र मी वेगळी काढतो. एकदम गरम, एकदम थंड किंवा फार तिखट घास अन्ननलिकेतून उतरताना कधीतरी उचकी लागते, त्यात काही नाही. पण साधं, कोमट जेवण असूनही वारंवार सुरुवातीच्या घासांनाच उचकी लागत असेल, तर घास खाली उतरताना अडतोय का हे पाहावंच लागतं. यातलंच एक उदाहरण थोडं सविस्तर सांगतो, कारण ते वरवर तुमच्यासारखंच दिसत होतं.

पन्नाशीच्या पुढच्या एक शिक्षिका आल्या होत्या. तक्रार एकच, जेवताना आणि जेवल्यावर उचक्या, चार महिन्यांपासून. ॲसिडिटी जुनीच, कित्येक वर्षांची. त्यासाठी दुकानातून आणलेल्या गोळ्या त्या अधूनमधून घ्यायच्या. "घास अडतो का?" या प्रश्नाला उत्तर ठाम 'नाही' होतं. वजन विचारलं तर म्हणाल्या, "थोडं उतरलंय, पण मीच जेवण कमी केलंय." का कमी केलं? "उचक्या लागतात म्हणून."

मी त्यांना समोरच बसवून एक कोरडा टोस्ट खायला दिला. पहिला तुकडा त्यांनी बराच वेळ चावला, गिळला, आणि लगेच पाण्याचा घोट घेतला. दुसरा तुकडा, पुन्हा घोट. तिसऱ्याला मी पाणी बाजूला ठेवायला सांगितलं. त्या क्षणभर थांबल्या, खांदे किंचित वर उचलले, मान ताणली, आणि पाठोपाठ उचकी आली. प्रत्येक घासामागे पाणी ही त्यांची इतकी अंगवळणी पडलेली सवय होती की घास अडतोय हे त्यांना जाणवतच नव्हतं. एंडोस्कोपीत दिसलं की वर्षानुवर्षं आम्ल लागून अन्ननलिकेचं खालचं टोक व्रण भरताना आक्रसून अरुंद झालं होतं. अडलेला घास वरचा भाग ताणत होता आणि तो ताण उचकीला आमंत्रण देत होता. तिथले छोटे तुकडे काढून तपासायला पाठवले, कारण अशा ठिकाणी कॅन्सर नाही याची खात्री करावीच लागते. तो नव्हता. अरुंद भाग फुग्याने हळूहळू रुंद केला, आम्ल कमी करणारं औषध नियमित सुरू केलं, आणि उचक्या थांबल्या. उचक्यांवर म्हणून वेगळं औषध त्यांना एकही दिलं नाही.

म्हणून तुम्हीही आज जेवताना स्वतःकडे एकदा नीट पाहा. प्रत्येक घासामागे पाणी लागतं का? पूर्वी आवडणारे कोरडे किंवा घट्ट पदार्थ नकळत टाळायला लागलात का? घरच्यांपेक्षा तुमचं जेवण हल्ली उशिरा संपतं का? तुम्ही भराभर जेवता असं लिहिलंय, त्यामुळे तुमच्या बाबतीत ही शक्यता कमी वाटते. पण यातल्या एकाचंही उत्तर 'हो' असेल तर पुढचे दोन आठवडे विसरा आणि या आठवड्यातच पोटविकारतज्ज्ञांची वेळ घ्या.

तसं नसेल तर असं करा. पहिले तीन-चार दिवस काहीच बदलू नका, फक्त लिहा. जेवण किती वाजता सुरू झालं, किती मिनिटांत संपलं, सोबत काय प्यायलात, आडवे किती वाजता झालात, पहिली उचकी कधी लागली, किती वेळ चालली, जळजळ होती का. वहीतली एक ओळ पुरते. मिनिटं खरोखर घड्याळ लावून मोजा, कारण भराभर जेवणाऱ्या माणसाला आपलं जेवण पंधरा मिनिटांचं वाटतं आणि ते निघतं सहा-सात मिनिटांचं.

नंतर बदल करा, पण सगळे एकदम नाही. एकदम केले तर उचक्या कमी होतील, पण कशामुळे ते कळणार नाही, आणि आठ नियम कुणी आयुष्यभर पाळत नाही. पहिल्या पाच दिवसांत फक्त जेवणाचा वेग आणि आकार बदला. अर्धं ताट झालं की दोन मिनिटं चमचा किंवा हात खाली ठेवून थांबा, एकूण वीस मिनिटं लागू द्या, पोट गच्च व्हायच्या आधी उठा. फसफसणारी पेयं या काळात बंद. पाणी जेवताना घोट घोट चालेल, मोठा ग्लास एका दमात नको. उचक्या जेवण संपताच लागणाऱ्या असतील तर त्या एवढ्यानेच बऱ्याच कमी होतात.

पुढच्या पाच दिवसांत वेळ बदला. जेवण आणि झोप यांत तीन तास ठेवा. कामामुळे जेवण उशिराच होत असेल तर दुपारचं जेवण मोठं आणि रात्रीचं छोटं करा. तीन तास जमले नाहीत तरी निदान सोफ्यावर रेलून बसू नका. अर्धवट आडवं होऊन पोट दुमडून बसणं हे सपाट झोपण्याइतकंच वाईट. कमरेचा पट्टा सैल करा. पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली १५ ते २० सेंटिमीटर उंचीचे ठोकळे ठेवले तर रात्री आम्ल वर चढणं कमी होतं. त्याऐवजी दोन-तीन उशा रचल्या तर नुसती मान वाकते आणि पोटावर उलट दाब येतो. झोपताना डाव्या कुशीवर वळा, कारण त्या स्थितीत जठरातलं आम्ल झडपेच्या खालच्या पातळीवर राहतं.

आता प्रत्यक्ष उचकी चालू असताना काय करायचं. घरगुती उपाय शेकड्यांनी आहेत आणि त्यातल्या फारच थोड्यांचा नीट अभ्यास झालाय. पण जे थोडेफार चालतात ते दोनच मार्गांनी चालतात. एक तर रक्तातला कार्बन डायऑक्साइड किंचित वाढवून, कारण तो वाढला की उचकीचं चक्र मंदावतं, किंवा घशात आणि अन्ननलिकेत वेगळी जोरदार संवेदना देऊन व्हेगसचं लक्ष दुसरीकडे वळवून. हे लक्षात ठेवलं की कुठला उपाय करण्यासारखा आणि कुठला नुसता गमतीचा हे तुमचं तुम्हालाच कळेल.

मी आधी श्वास सांगतो. ताठ बसा. हळूहळू पूर्ण श्वास आत घ्या. भरलं असं वाटलं की त्यावर आणखी थोडा घ्या, आणि दहा ते वीस सेकंद रोखून धरा. मग सावकाश सोडा. मध्ये अर्धा मिनिट नेहमीचा श्वास घ्या आणि असं तीन वेळा करा. बहुतेकांची चूक अशी होते की छाती अर्धवट भरलेली असतानाच श्वास रोखतात, मग पुढच्या उचकीचा झटका बसतो आणि श्वास सुटतो. डायफ्राम पूर्ण ताणून धरला तर त्याला झटका द्यायला जागाच कमी राहते. श्वास रोखून नाक-तोंड बंद ठेवत कुंथणं हा याचाच जोरकस प्रकार. पण हृदयविकार असेल, नुकतंच डोळ्याचं ऑपरेशन झालं असेल किंवा मधुमेहामुळे डोळ्याच्या पडद्याला त्रास असेल तर कुंथू नका. ब्लडप्रेशर अजून आटोक्यात आलं नसेल तर तुम्हीही साध्या श्वास रोखण्यावरच थांबा.

त्याने जमलं नाही तर पाणी, पण तुम्ही आतापर्यंत प्यायलात तसं नाही. ग्लासभर पाणी गटागटा पिणं म्हणजे आधीच ताणलेल्या जठरात आणखी भर. थंड पाण्याचे अगदी छोटे घोट, श्वास न घेता सलग सात-आठ वेळा गिळायचे. उपयोग गिळण्याच्या क्रियेचा आहे, पाण्याच्या प्रमाणाचा नाही. वयस्कर माणूस असेल किंवा गिळताना ठसका लागत असेल तर हा उपाय नको.

तिसरा उपाय एक चमचा कोरडी साखर. न चघळता जिभेच्या मागच्या भागावर ठेवायची आणि तशीच गिळायची. रवाळ दाणे घशाला घासतात, काम तेच करतात. याबद्दल १९७१ मध्ये एका अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात छोटी नोंद छापून आली होती. त्यात उचक्या लागलेल्या २० जणांना साखर दिली होती आणि १९ जणांच्या उचक्या थांबल्या. तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, त्यामुळे मी हा पुरावा मानत नाही, पण एक चमचा साखरेने कुणाचं नुकसानही होत नाही. मधुमेह असेल तर एकदाच, दर अर्ध्या तासाला नाही.

गुडघे छातीशी ओढून बसणं हा उपाय सगळीकडे वाचायला मिळतो आणि रिकाम्या पोटी लागलेल्या उचकीत तो चालतोही. भरल्या पोटी, आंबट वर येणाऱ्या माणसाने तो केला तर पोटावर दाब येऊन आम्ल थेट वर ढकललं जातं. तुमच्यासाठी तो नाही. लिंबू किंवा व्हिनेगर चाटण्याचंही तेच, उचकी थांबेल कदाचित, पण जळजळ वाढेल. त्यापेक्षा जेवणानंतर पाकिटावर लिहिलेल्या मात्रेत अँटासिड किंवा अल्जिनेट असलेलं पातळ औषध घेणं तुमच्या कारणाला धरून आहे. अल्जिनेट अन्नावर तरंगणारा थर बनवतं आणि आम्लाला वर येऊ देत नाही. ब्लडप्रेशर असणाऱ्यांनी बाटलीवर सोडियम किती आहे ते पाहावं, आणि किडनीचा आजार असेल त्यांनी कुठलंही अँटासिड विचारल्याशिवाय घेऊ नये. अँटासिड आणि इतर गोळ्या एकाच वेळी घेऊ नका. काही औषधं त्यामुळे नीट शोषली जात नाहीत, म्हणून दोन तासांचं अंतर ठेवा.

काही गोष्टी मात्र करूच नका. बंद डोळ्यांवर बोटांनी दाब देणं आणि मानेच्या बाजूची धमनी चोळणं हे जुने उपाय अजून सांगितले जातात. पहिल्याने डोळ्याला इजा होऊ शकते. दुसऱ्याने नाडी एकदम मंद होऊन माणूस बेशुद्ध पडू शकतो, आणि वयस्कर माणसाच्या धमनीत चरबीचा थर साठलेला असेल तर त्याचा तुकडा सुटून मेंदूकडे जाऊ शकतो. तोंडावर प्लास्टिकची पिशवी धरणं तर जीवघेणं आहे. घाबरवण्याने कधी कधी उचकी थांबते, पण जेवणाचा घास तोंडात असलेल्या माणसाला दचकवू नये एवढं तरी समजायला हवं.

दोन आठवड्यांनी वही पाहा. उचक्या निम्म्यापेक्षा कमी झाल्या असतील तर दिशा बरोबर आहे, तेच चालू ठेवा आणि पुढच्या नेहमीच्या ब्लडप्रेशर तपासणीत डॉक्टरांना वही दाखवा. फरक नसेल किंवा जळजळ आठवड्यातून दोनदा-तीनदा होतच असेल, तर डॉक्टर बहुधा चार ते आठ आठवडे ओमेप्राझोल, पॅन्टोप्राझोलसारखं आम्ल कमी करणारं औषध देतील. ही गोळी सकाळी नाश्त्याच्या अर्धा ते एक तास आधी घ्यायची असते. जेवणानंतर किंवा 'जळजळलं की एक' अशी घेतली तर ती तिचं काम पूर्ण करत नाही, आणि मग 'ॲसिडिटीचं औषध घेऊनही उचक्या थांबत नाहीत, म्हणजे काहीतरी मोठं आहे' असा चुकीचा निष्कर्ष निघतो. नीट घेऊनही फरक पडला नाही तर मात्र एंडोस्कोपी करावी. तुमच्या वयाला, नव्याने सुरू झालेल्या आणि न थांबणाऱ्या लक्षणांसाठी ती लवकर करण्याकडे माझा कल असतो.

घरात बसून वाट पाहायची नाही अशा गोष्टी आता. घास अडणं वर आलंच. त्याशिवाय गिळताना दुखणं, विनाकारण वजन उतरणं, वारंवार उलट्या, काळी डांबरासारखी शौचास होणं, रक्ताची उलटी, थोडं खाल्लं की पोट भरणं. यातली रक्ताची लक्षणं असतील तर त्याच दिवशी हॉस्पिटल, बाकीच्यांसाठी त्याच आठवड्यात डॉक्टर. जुना मधुमेह असणाऱ्याला जेवणानंतर उचक्या लागत असतील आणि तासन्‌तास आधी खाल्लेलं अन्न उलटीतून जसंच्या तसं पडत असेल, तर जठर वेळेवर रिकामं होत नाहीये. त्याचा तपास वेगळा आहे.

सलग ४८ तासांहून जास्त उचक्या चालल्या तर त्यांना आम्ही 'चिवट' समजतो, आणि जेवणाशी संबंध असो वा नसो, तपासणी लागतेच. इथे एक गोंधळ नेहमी होतो. तुमच्या उचक्या सहा-सात आठवड्यांपासून आहेत, पण त्या सलग नाहीत, रोज थांबतात. म्हणून तुम्ही त्या गटात नाही. सलग चालणाऱ्या उचक्यांमध्ये माणूस जेवू शकत नाही, झोपू शकत नाही, थकून जातो. त्यात रक्तातलं सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम, साखर, क्रिएटिनिन पाहतात, छातीचा एक्स-रे आणि ईसीजी काढतात, लागेल तसं पोटाचं स्कॅनिंग किंवा मेंदूचा एमआरआय करतात. किडनीचा त्रास वाढल्याने उचक्या येतात तेव्हा सोबत अन्नावरची वासना गेलेली असते, मळमळ असते, खाज असते, पायांवर सूज असते. तुम्ही यातलं काहीच लिहिलेलं नाही. शिवाय ब्लडप्रेशरच्या निमित्ताने तुमचं क्रिएटिनिन तपासलेलं असण्याची शक्यता आहे. रिपोर्ट काढून पाहा, ती भीती तिथेच मिटेल.

मेंदूबद्दल विचारलंत म्हणून सांगतो. मेंदूच्या बुंध्याच्या एका विशिष्ट भागाला रक्तपुरवठा तुटला की हट्टी उचक्या लागतात, पण त्या एकट्या सहसा येत नाहीत. अचानक गरगरणं, चालताना एका बाजूला झुकणं, गिळता न येणं, आवाज घोगरा होणं, बोलणं अडखळणं, दोन-दोन दिसणं, चेहऱ्याची एक बाजू बधिर होणं यांपैकी काही सोबत असतं. असं दिसलं तर घरगुती उपाय करत बसू नका, थेट इमर्जन्सी गाठा, कारण त्या उपचारात तासांना किंमत आहे. छातीत दाब, घाम आणि धाप यांच्याबरोबर उचक्या आल्या तरी तेच, कारण हृदयाचा खालचा भाग डायफ्रामला टेकलेला असतो आणि तिथल्या झटक्याने उचकी लागू शकते. दिवसच्या दिवस न थांबणाऱ्या उचक्या आणि उलट्या, पोटाच्या सगळ्या तपासण्या नॉर्मल, आणि मग नजर अंधुक होणं किंवा पायातली शक्ती जाणं, असा क्रम तरुण माणसात दिसला तर न्यूरॉलॉजिस्टला लवकर दाखवावं.

औषधांची यादीही डॉक्टरांना पूर्ण द्या. सांधेदुखी, ॲलर्जी, पाठदुखी अशा कारणांसाठी दिलेलं डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड दोन-तीन दिवसांत उचक्या सुरू करू शकतं, विशेषतः पुरुषांमध्ये. झोपेच्या काही गोळ्या, मॉर्फिनच्या जातीची वेदनाशामकं, केमोथेरपीची औषधं यांनीही असं होतं. "ते तर फक्त पाच दिवसांचं इंजेक्शन होतं," म्हणून लोक सांगायचं टाळतात, आणि नेमकं तेच कारण असतं.

शेवटचं म्हणजे उचक्या थांबवणाऱ्या गोळ्या. बॅक्लोफेन, मेटोक्लोप्रामाइड, गॅबापेंटिन, क्लोरप्रोमाझिन ही नावं तुम्हाला इंटरनेटवर सापडली असतील. त्या सलग, चिवट उचक्यांसाठी आहेत आणि देखरेखीखाली द्यायच्या आहेत. बॅक्लोफेनने गुंगी येते आणि किडनी कमजोर असेल तर अगदी छोट्या मात्रेनेही माणूस भ्रमिष्ट होऊ शकतो. मेटोक्लोप्रामाइड पाच दिवसांपेक्षा जास्त सहसा देत नाहीत, कारण लांबलं तर चेहऱ्याच्या आणि जिभेच्या अनैच्छिक हालचाली मागे राहू शकतात. क्लोरप्रोमाझिनने ब्लडप्रेशर एकदम पडतं, आणि तुमची त्याची गोळी आधीच चालू आहे. जेवणानंतर वीस मिनिटं चालणाऱ्या उचकीसाठी यातलं एकही औषध मी लिहून देत नाही, आणि कुणी दुकानातून आणून दिलं तरी घेऊ नका.